पायातून निसटणारी चप्पल

जळगाव-धुळ्याच्या माणसाला समुद्र लांबचा. आमच्याकडे पाण्यात पाय घालायचे ते तापीच्या घाटावर, नाहीतर मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर चढला की पोहण्याच्या टँकवर. त्यामुळे कोकणात जायचं ठरलं की कपडे नवे, टोपी नवी, काळा चष्मा नवा आणि पायात मात्र घरातली स्लीपर. फार तर पोरांच्या हट्टापायी घेतलेले फोमचे स्लाइडर. आमच्या दाजींच्या पायात हेच स्लाइडर होते, आणि त्यांना मधुमेह होता. पुढचं सगळं या दोन गोष्टींनी घडवलं.

हरिहरेश्वरला देवळाच्या मागे प्रदक्षिणेची वाट आहे. दगडाच्या चिरेतून पायऱ्या खाली उतरतात आणि एकदम खडकाळ किनारा पुढे येतो. लाटांनी त्या खडकांना मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. ओहोटी असतानाच तिथे जायचं असतं, आणि आम्ही तेव्हाच गेलो. पण ओहोटीत उघडा पडलेला खडक हा भरतीत बुडणारा खडक असतो. त्याच्यावर हिरवं शेवाळ असतं आणि कडेकपारीला कालवं चिकटलेली असतात. कालवाच्या शिंपेची वरची कड ब्लेडइतकी धारदार असते. स्थानिक माणसं ती फोडायला बसतात तेव्हा हात सांभाळून बसतात.

दाजींचा पाय ओल्या स्लाइडरमध्ये पुढे सरकला. स्लाइडरला वरून एकच रुंद पट्टा, टाचेला काही नाही. चप्पल दगडाच्या खाचेत राहिली आणि उघडा पाय पुढच्या दगडावर पडला. आम्ही पुढे होतो. मागून ताई ओरडली, ‘‘अहो, चप्पल कुठाय तुमची?’’ दाजींनी खाली पाहिलं तेव्हा त्यांना कळलं की चप्पल पायात नाही. तळव्यातून रक्त येतंय हे त्यानंतर कळलं. ‘‘काही नाही रे भो, खरचटलंय,’’ म्हणाले. तोंडावर वेदनेची रेषसुद्धा नव्हती.

लॉजवर पाय धुतला, हळद भरली, रुमाल बांधला आणि दुसऱ्या दिवशी गाडी धुळ्याकडे निघाली. नाशिक ओलांडेपर्यंत पाऊल सुजलं होतं. घरी रुमाल सोडला तर लाली घोट्याच्या वर सरकलेली, अंगात ताप. डॉक्टरांनी जखम पाहण्याआधी दोन प्रश्न विचारले. जखम कुठल्या पाण्यात झाली? आणि चालताना पायातून चप्पल निसटली तर यांना कळतं का? पहिल्याचं उत्तर आम्ही दिलं. दुसऱ्याचं ताईने दिलं. गेलं वर्षभर घरात एक स्लीपर बाथरूमपाशी आणि एक ओट्यापाशी सापडायची, आणि सगळे दाजींच्या विसरभोळेपणाला हसायचे.

तो विसरभोळेपणा नव्हता. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. अंगठ्याची चिमट आणि तळव्याची जाणीव कमी होते, म्हणून चप्पल सुटते आणि सुटलेली कळत नाही. डॉक्टरांनी नायलॉनच्या दोऱ्यासारखा एक बारीक तंतू दाजींच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवून पाहिला. तो वाकेपर्यंत टेकवतात, तेव्हा पायावर दहा ग्रॅमचा दाब पडतो. चांगल्या पायाला हा स्पर्श कळतो. दाजींना बऱ्याच ठिकाणी कळला नाही. जखम उघडून धुतली तेव्हा आतून शिंपेचा कपचा निघाला. दवाखान्यात राहावं लागलं, शिरेतून औषधं द्यावी लागली, पण पाय वाचला.

पहिल्या प्रश्नाचं कारण डॉक्टरांनी नंतर समजावलं. समुद्राच्या कोमट पाण्यात आणि शिंपल्यांवर विब्रिओ जातीचे जंतू असतात. निरोगी माणसाला त्यांच्यापासून क्वचितच मोठा त्रास होतो, पण मधुमेही किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाच्या जखमेत ते झपाट्याने पसरू शकतात. त्यांना लागणारं औषध नेहमीच्या जखमेपेक्षा वेगळं असू शकतं. म्हणून दवाखान्यात ‘दगड लागला’ एवढंच सांगू नका. ‘समुद्राच्या पाण्यात कालव लागलं’ असं स्पष्ट सांगा.

आता चपलांकडे येतो. दाजींच्या प्रकरणानंतर दुकानात मी आधी टाचेकडे बघतो. पाण्यात पायताण पायावर टिकलं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

स्लाइडर वाईट नाहीत, ते टँकसाठी आहेत. कपडे बदलायच्या खोलीतून टँकच्या काठापर्यंत जायला त्यांच्यासारखं सोयीचं काही नाही. पटकन घालता येतात, पटकन काढता येतात आणि अखंड फोमचे असल्यामुळे पाणी पीत नाहीत. शॉवरच्या ओल्या फरशीवर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तळव्याला चामखिळीचा संसर्ग होतो, तो अनवाणी चालण्यातून. तिथे स्लाइडर पायाला फरशीपासून वेगळं ठेवतो आणि तेवढंच काम असतं. आमच्याकडे आणखी एक काम आहे. मे महिन्यात दुपारच्या बॅचला शहाबादी फरशी इतकी तापलेली असते की लहान पोरं नाचत नाचत टँककडे पळतात. त्यांना निदान चटका कळतो. बधिर पायाचा माणूस त्याच फरशीवर उभा राहून गप्पा मारतो आणि रात्री तळव्याला फोड आलेले दिसतात. स्लाइडर बंद गाडीत, मागच्या काचेपाशी ठेवू नका. असा फोम उष्णतेने आखडतो. खानदेशातल्या उन्हाळ्यात एका दुपारी चांगला बसणारा जोड घट्ट होऊ शकतो.

काही स्लाइडरना खाली वेगळा रबरी तळ नसतो, फोमवरच नक्षी कोरलेली असते. ती लवकर घासून गुळगुळीत होते आणि मग ओल्या टाइलवर भरवसा राहत नाही. उलटे करून बघा. नक्षी पुसली असेल तर जोड टाका, पट्टा कितीही नवा दिसला तरी.

रबरी स्लीपर वाळूसाठी पुरते. दापोलीकडच्या किंवा अलिबागच्या कोरड्या, तापलेल्या वाळूतून पाण्यापर्यंत जा, काठाला काढून ठेवा, परत येताना घाला. पाण्यात तिचा उपयोग नाही. लाट मागे जाते तेव्हा ती पाऊल सोडून तरंगते, आणि ओल्या गाळात रुतली की पट्ट्याचं बटण तळातून निघून येतं. मेहरूण तलावाच्या गाळात हे ज्याने अनुभवलं नाही असा जळगावकर विरळा. मधुमेही माणसाला मात्र अंगठ्याची स्लीपर कुठेच नको. अंगठा आणि शेजारच्या बोटातला पट्टा ओल्या, मऊ झालेल्या कातडीला घासतो, तिथे जखम होते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

खडक, कालवं, ओढ्याचा तळ, धबधब्याचा पायथा, इथे वॉटर शूजच. पण वॉटर शूज या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक मोज्यासारखी, खाली पातळ रबराचा पापुद्रा. ती हातात गुंडाळता येते. टँक आणि वाळूला ठीक, पण कालवाची कड तिच्यातून आत जाऊ शकते. दुसऱ्या प्रकाराला जाड रबरी तळ, बोटांपुढे रबराची ढाल, टाचेला घट्ट मागचा भाग आणि तळात पाणी निघायला भोकं असतात. घ्यायचा तो हा. घेताना एक हात बुटात घालून तळ मधोमध अंगठ्याने खालून दाबून बघा. दाब आतल्या हाताला टोचल्यासारखा लागला, तर दगडही तसाच लागणार. बूट घालून टाच उचला. मागचा भाग खाली राहत असेल तर माप मोठं आहे, कारण ओला झाल्यावर तो आणखी सैल होईल. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात.

वॉटर शूजनाही मर्यादा आहेत. शेवाळावर कुठलाच तळ खात्रीचा नाही, तिथे छोटी पावलं टाकणं आणि हाताला आधार घेणं हाच उपाय. पाकट माशाचा काटा कापडी बुटातून आरपार जातो. 2013 च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी कितीतरी भक्तांच्या पायांना काटे मारले होते. उथळ, गढूळ पाण्यात पाऊल उचलून टाकू नका. वाळूतून घासत न्या, म्हणजे पाकट आधीच दूर होतो. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवून दवाखाना गाठायचा. पाणी मात्र दुसऱ्याने हात घालून तपासायचं, बधिर पायाच्या माणसाच्या अंदाजावर सोडायचं नाही. शिवाय ओले बूट दिवसभर घालून फिरलं की कातडी पांढरी, भुसभुशीत होते आणि फोड येतात. पाण्याबाहेर आलात की बूट काढा, आत शिरलेली वाळू झटका, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. रात्री गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

कालव लागलंच तर पिण्याच्या पाण्याची धार जखमेवर बराच वेळ सोडा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. त्याने आतला कपचा झाकला जातो आणि डॉक्टरांना काही दिसत नाही. स्वच्छ कापड सैल गुंडाळा आणि त्याच दिवशी, कोकणातच, डॉक्टर गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा. लाली रेघेच्या बाहेर गेली, फोड आले किंवा ताप चढला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबू नका. मधुमेही माणूस ‘दुखत नाही’ म्हणतो, त्यावर विसंबू नका.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम केलं. अशा पायांसाठी मऊ सच्छिद्र रबराच्या चपला तयार झाल्या. एमसीआर चप्पल म्हणतात ती हीच, आणि आज ती मधुमेहींनाही सुचवली जाते. बधिर पायासाठी तिला मागचा पट्टा लावून घेतात. दाजी आता रोज तीच घालतात. टँकवर आणि समुद्रावर जाड तळाचे वॉटर शूज, पायात घालण्याआधी आत हात फिरवून, कारण आत राहिलेला खडाही त्यांना कळणार नाही. प्रदक्षिणेची वाट मात्र डॉक्टरांनी बंद केली आहे, आणि कुठल्याही बुटाच्या भरवशावर ती उघडू नये असंच माझंही मत आहे.

तुमच्या घरात आबा, नाना, आई, कुणाची एक चप्पल दारात आणि एक माजघरात सापडत असेल, तर कोकणाचं बुकिंग करण्याआधी त्यांचे पाय डॉक्टरांना दाखवा आणि त्या तंतूची तपासणी मागून घ्या.