इरावतीला परत आणू का?

प्रश्न : आम्ही पाच जण दर शनिवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती खेळतो. मी डीएम आहे. एका मैत्रिणीची रेंजर इरावती वर्षभर आपल्या हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत होती. गेल्या खेळात पुलावर ओगरच्या माराने तिचे हिट पॉइंट शून्यावर आले. तिचा पहिला डेथ सेव्ह फसला, मग ओगरने पडलेल्या इरावतीवर पुन्हा गदा घातली आणि ती मेली. मैत्रीण काही न बोलता फासे पिशवीत भरून निघून गेली. नियम तर मी पाळले होते. आता इरावतीला परत आणू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नियम तुम्ही पाळलेत, पण त्या क्षणी मैत्रिणीच्या हातात काय होतं ते बघा. डेथ सेव्हमध्ये विसाचा फासा टाकायचा. दहा किंवा जास्त आले तर यश, कमी आले तर अपयश, आणि तीन अपयशं झाली की मरण. म्हणजे एरवी वाचायला काही फेऱ्या तरी मिळतात. पण बेशुद्ध माणसाला पाच फुटांच्या आतून मारलेला घाव लागला की तो क्रिटिकल धरतात आणि दोन अपयशं एकदम पडतात. तुमच्या मैत्रिणीने एकच फासा टाकला आणि वर्षभराचं कॅरेक्टर गेलं. तिला लागलंय ते हे. मरणापेक्षाही, त्यात आपल्याला काहीच करता आलं नाही, हे जास्त बोचतं.

पुढच्या वेळी असा घाव घालण्याआधी तो मोठ्याने सांगा : “ओगरने गदा उचलली आहे. त्याच्या पुढच्या पाळीला ती इरावतीवर पडेल आणि ती वाचणार नाही.” मग बाकीच्यांना एकेक पाळी द्या. कुणी धावून येईल, कुणी घाबरून मागे राहील. त्यानंतरही ती मेली, तर ते मरण सगळ्यांनी मिळून पाहिलेलं असेल.

आता तिला परत आणण्याचं. पुढच्या शनिवारी कुठूनतरी देवदूत उतरवून तिला उठवू नका. तसं केलंत तर यापुढे कुठल्याच लढाईची भीती उरणार नाही, आणि मैत्रिणीलाही ती दया वाटेल. नियमांतच एक चांगली वाट आहे. ‘रिव्हिव्हिफाय’ मरणानंतर एका मिनिटाच्या आत करावा लागतो, तेव्हा ती वेळ गेली. ‘रेज डेड’ला मात्र दहा दिवसांची मुदत असते. त्याला 500 सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि स्पेल पाचव्या पातळीचा असल्याने क्लेरिक निदान नवव्या लेव्हलचा हवा. तुमची पार्टी तेवढी मोठी नसेल, तर दूरच्या देवळातला पुजारी शोधावा लागेल. हिरा कुठून आणायचा, दहा दिवसांत पोचायचं कसं, यातून दोन-तीन शनिवारांची गोष्ट उभी राहते.

मात्र या स्पेलला एक अट आहे : आत्मा परत यायला राजी हवा. म्हणून शनिवारची वाट न बघता मैत्रिणीला एकटीला भेटा. “तो घाव मी घाईने घातला,” हे आधी सांगा. मग विचारा, इरावतीला परत यायचंय का? ती हो म्हणाली, तर प्रवास चालू असताना तिला एखादं तात्पुरतं पात्र खेळायला द्या, नुसतं बघत बसवू नका.

ती नाही म्हणाली, तर तिला शेवटचा प्रसंग द्या. घावानंतरचे दोन श्वास तिचे. इरावती काय बोलते, धनुष्य कुणाच्या हातात देते, ते तिनेच सांगायचं. फासे टाकायचे नाहीत. पुढच्या खेळाची सुरुवात अंत्यसंस्काराने करा. प्रत्येक कॅरेक्टरने इरावतीची एकच आठवण सांगायची, पण ती तुमच्या टेबलावर खरोखर घडलेली असावी.

आणि भावाचा शोध सोडू नका. काही आठवड्यांनी पार्टीला तो भेटू दे, आणि ते धनुष्य बघून तो थबकू दे. मैत्रिणीला आवडलं तर तिचं नवं कॅरेक्टर तोच होऊ शकतो. तिला अगदी वेगळा जादूगार हवा असेल, तर तोही चालेल. काहीही असो, नवं कॅरेक्टर बाकीच्यांच्याच लेव्हलचं ठेवा. पहिल्या लेव्हलपासून सुरू करायला लावलंत, तर मरणाची शिक्षा ती दर शनिवारी भोगत बसेल.

तेव्हा निर्णय तुमचा नाही, तिचा आहे. तुम्ही या आठवड्यात तिला फोन करा.