व्याजाच्या नोंदी आणि परत गेलेले पैसे

बचत खात्यात दर तीन महिन्यांनी व्याज जमा होत असेल, तर खातं चालू आहे असं कुणालाही वाटतं. मलाही तसंच वाटत होतं. नोकरीच्या काळात पुण्यात उघडलेलं ते खातं मी निवृत्तीनंतर मुद्दाम ठेवलं होतं. आयकराचा परतावा त्यात येत असे आणि अडीअडचणीला थोडी रक्कम बाजूला राहावी हाही हेतू होता. पासबुकावर मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अशा व्याजाच्या नोंदी ओळीने छापलेल्या होत्या. मग 2025 च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाने गावच्या घराच्या भाड्यातला माझा वाटा, अठरा हजार रुपये, त्या खात्यात पाठवला आणि दुपारपर्यंत त्याचा फोन आला, "ताई, पैसे परत आलेत. तुझं खातं बंद झालंय का?"

खातं बंद झालेलं नव्हतं. भावाच्या बँकेने पाठवलेल्या संदेशात कारण होतं ते 'अकाऊंट इनऑपरेटिव्ह'. बंद खातं आणि इनऑपरेटिव्ह खातं यांत मोठा फरक आहे. बंद खात्याचा हिशेब मिटवलेला असतो. इनऑपरेटिव्ह म्हणजे निष्क्रिय खात्यात तुमची रक्कम सुरक्षित असते, व्याजही मिळत राहतं, फक्त व्यवहारांना कुलूप लागलेलं असतं. बँकेतली माणसं बोलताना 'डॉर्मंट झालंय' म्हणतात ते हेच.

सलग दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः काहीही व्यवहार केला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खातं निष्क्रिय ठरतं. यातला 'स्वतः' हा शब्द महत्त्वाचा आहे. बँकेने जमा केलेलं व्याज, कापलेलं शुल्क, दंड किंवा कर या नोंदी बँकेच्या व्यवहारात मोडतात, तुमच्या नव्हे. मी त्या खात्यातून एटीएमने शेवटचे पैसे काढले होते जून 2022 मध्ये. त्यामुळे जून 2024 नंतर खातं निष्क्रिय झालं आणि व्याजाच्या नोंदी मात्र आधीसारख्याच येत राहिल्या. नियमाप्रमाणे वर्षभर व्यवहार नसलेल्या खातेदाराला बँकेने पत्र, एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं असतं. पण खात्यात नोंदवलेला माझा मोबाईल नंबर नोकरीच्या काळातला, कंपनीने दिलेला होता. बँकेने सूचना पाठवली असेल तरी ती माझ्यापर्यंत पोचण्याचा मार्गच उरला नव्हता.

पैसे परत गेले की पहिली भीती वाटते ती मधल्यामध्ये अडकण्याची. भावाने एनईएफटी केलं होतं. त्याचा नियम असा, की एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाच्या गटांनी पुढे जातात. समोरच्या बँकेला रक्कम जमा करता येत नसेल, तर तो गट पूर्ण झाल्यापासून दोन तासांत तिने ती परत पाठवायची असते. उशीर झाला तर रेपो दरावर दोन टक्के जास्त अशा दराने व्याज देणं तिच्यावर बंधनकारक आहे. भावाचे पैसे त्याच दुपारी परत आले, कारण व्यवस्था तशीच आहे. आयएमपीएस किंवा यूपीआयने पाठवलेली रक्कम कापली गेली आणि जमा झाली नाही, तर ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. त्यानंतर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. म्हणून पैसे पाठवणाऱ्याने पुन्हापुन्हा प्रयत्न करू नयेत. आधी रक्कम परत आल्याचं स्वतःच्या खात्यात पाहावं आणि नाकारल्याचं कारण नीट वाचावं. कारण 'खातं अस्तित्वात नाही' असं असेल तर खातेक्रमांक किंवा आयएफएससी कोड चुकलेला असू शकतो. 2019 आणि 2020 मध्ये अनेक सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं, त्यामुळे जुन्या पासबुकावरचे कित्येक आयएफएससी कोड आता चालत नाहीत. ही अडचण वेगळी आहे आणि तिच्यासाठी शाखेत अर्ज करण्याची गरज नसते, नवा कोड मिळाला की काम होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. निष्क्रिय खात्यात बाहेरून पैसे जमा होऊ द्यायचे की नाही, याबाबत बँकेबँकेत फरक असतो. काही बँका जमा करून घेतात आणि काढू देत नाहीत. काही दोन्ही थांबवतात. त्यामुळे 'शेजारणीच्या अशाच खात्यात पैसे जमा झाले' हे ऐकून स्वतःच्या खात्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

मी आता कोल्हापुरात राहते आणि खातं पुण्याच्या शाखेत. इथल्या शाखेत गेले तर काऊंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, होम ब्रँचलाच जावं लागेल." पुष्कळ लोक इथूनच परत फिरतात आणि प्रवास परवडला नाही की विषय सोडून देतात. म्हणून सांगते, तसं जावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2024 रोजी काढलेल्या आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की निष्क्रिय खातं सुरू करण्यासाठी केवायसी अद्ययावत करण्याची सोय बँकेच्या सर्व शाखांमध्ये हवी. मी शाखाधिकाऱ्यांना भेटून शांतपणे हेच सांगितलं आणि त्यांनी लगेच मान्य केलं. ज्यांना घराबाहेर पडणं कठीण आहे त्यांनी व्हिडिओद्वारे केवायसीची विचारणा करावी. बँकेकडे ती सोय असेल तर त्याच सूचनांनुसार खातेदार ती मागू शकतो.

अर्ज साधा असतो. खातं पुन्हा कार्यान्वित करावं अशी विनंती, केवायसीचा फॉर्म, आधार आणि पॅनच्या स्वतः सही केलेल्या प्रती, ताजा फोटो आणि पासबुक एवढं पुरतं. मूळ कागद सोबत न्यावेत, कारण अधिकारी ते पाहूनच प्रतींवर शेरा मारतो. पॅन नसेल तर फॉर्म 60 भरून द्यावा लागतो. संयुक्त खातं असेल तर सर्व खातेदारांचे कागद मागितले जातात, म्हणून नवरा-बायकोंनी एकत्रच जावं.

माझं काम अडलं ते सहीवर. बँकेकडची सही मी तिशीत केलेली, लांबलचक आणि वळणदार. आता हात थरथरतो आणि सही आखूड झाली आहे. निष्क्रिय खात्याच्या बाबतीत बँका सहीची तपासणी काटेकोर करतात आणि ते योग्यच आहे, कारण मालकाचं लक्ष नसलेल्या खात्यातून परस्पर पैसे काढण्याचा धोका तिथेच जास्त असतो. मी सही बदलण्याचा वेगळा अर्ज त्याच वेळी दिला आणि अधिकाऱ्यांसमोर नव्या सह्या केल्या. ज्येष्ठांनी हा फॉर्म पहिल्याच भेटीत मागून घ्यावा. नाहीतर मूळ अर्ज 'सही जुळत नाही' या शेऱ्यासह परत येतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मोबाईल नंबरही त्याच भेटीत बदलून घ्यावा.

आणखी एक प्रश्न मी विचारला, तो सगळ्यांनी विचारावा: खातं फक्त निष्क्रिय आहे, की केवायसीची मुदत संपल्यामुळेही अडवलेलं आहे? ही दोन वेगळी कुलपं आहेत आणि एकाच खात्याला दोन्ही लागलेली असू शकतात. नवे कागद दिल्याने बहुतेकदा दोन्ही निघतात, पण संगणकात दोन्ही नोंदी बदलल्या का हे विचारून खात्री करावी.

अर्जाची पोच तारखेसह घ्यावी. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेने खातं सुरू करायचं असतं, आणि हे दिवस मोजायला ती तारीख लागते. खातं सुरू करण्यासाठी कोणतंही शुल्क घेता येत नाही. निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नसल्याबद्दल दंडही लावता येत नाही. पासबुक छापून घेऊन निष्क्रिय काळातल्या नोंदी तपासाव्यात आणि असा दंड कापलेला दिसला तर तो लेखी परत मागावा. बँकेकडे लेखी तक्रार केल्यावर तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते.

शाखेत मी पाचशे रुपये रोख भरले. स्वतः केलेला हा छोटा भरणा खात्यावर खातेदाराचा व्यवहार म्हणून नोंदला जातो. खातं सुरू झाल्याचा संदेश आल्यावरही भावाला लगेच अठरा हजार पाठवू दिले नाहीत. आधी त्याने दहा रुपये पाठवले, ते जमा झाल्याचं मी पाहिलं आणि मग उरलेली रक्कम मागवली. सुरुवातीचे काही दिवस बँक व्यवहारांच्या संख्येवर आणि रकमेवर मर्यादा ठेवू शकते, तेही आधी विचारून घेतलं होतं. जुनं डेबिट कार्ड मुदत संपल्याने निरुपयोगी होतं, त्यासाठी वेगळी मागणी करावी लागली.

भावाचे पैसे त्याच्याकडे परत गेले होते, म्हणून ते पुन्हा पाठवणं सोपं होतं. आयकराच्या परताव्याचं तसं नाही. त्याच खात्यावर पाठवलेला माझा परतावा नाकारला गेला होता, आणि खातं सुरू झालं म्हणून तो आपोआप पुन्हा येत नाही. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आधी खातं पुन्हा व्हॅलिडेट करायचं, मग Services मध्ये जाऊन Refund Reissue ची विनंती नोंदवायची. हा क्रम उलटा झाला तर विनंती पुढे जात नाही. लाभांशाबाबतही असंच, रक्कम परत गेल्यावर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे नव्याने मागावी लागते. त्यामुळे खातं सुरू होताच तिथे कोणकोणते पैसे येणार होते त्याची यादी करून प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र पाठपुरावा करावा.

या सगळ्या काळात मला 'तुमचं खातं निष्क्रिय आहे, केवायसीसाठी लिंक उघडा' असा एक फोन आणि पाठोपाठ संदेशही आला. तो बँकेचा नव्हता. शाखेत, बँकेच्या अधिकृत ॲपवर किंवा आपण स्वतः मागितलेल्या व्हिडिओ केवायसीवरच कागद द्यावेत, फोनवर कुणालाही ओटीपी सांगू नये आणि पाठवलेली फाईल उतरवून घेऊ नये.

खातं पुन्हा निष्क्रिय होऊ नये म्हणून फार काही करावं लागत नाही. 2024 च्या सूचनांप्रमाणे नेट बँकिंग किंवा मोबाईल बँकिंगमध्ये यशस्वीपणे लॉग इन केलं तरी तो खातेदाराचा व्यवहार धरला जातो. एटीएमवर शिल्लक पाहणं, चेकबुक मागणं हेही चालतं. मुदत ठेवीचं व्याज खात्यात जमा करण्याची कायमची सूचना दिलेली असेल तर तोही तुमचाच व्यवहार ठरतो. मी मात्र दर सहा महिन्यांनी त्या खात्यातून वीजबिल भरते, कारण त्यात खातं चालू असल्याची खात्रीही होते. घरात आईवडिलांची, सासूसासऱ्यांची जुनी खाती असतील तर आता काढून पाहा. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा करते. तीही बँकेकडे मागता येते, पण तेव्हा कागद शोधायला खातेदार हयात असेलच असं नाही.