मोबाईल गेममध्ये अडकलेला मुलगा : काय विचारायचं आणि घरच्यांसोबत कसं काम करायचं



शालेय समुपदेशकांच्या प्रशिक्षण सत्रासाठी हा पाठ लिहिला आहे. विषय आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. पालक शाळेत येतात, खुर्चीवर बसण्याआधीच म्हणतात, "सर, चोवीस तास मोबाईल! काहीतरी करा." आणि आपणही पटकन विचारतो, "किती तास बघतो?" इथेच आपली पहिली चूक होते.

तासांवरून निदान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात तासांचा आकडा कुठेच नाही. तीन गोष्टी बघायला सांगितल्या आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटला आहे का? खेळ बाकी सगळ्या गोष्टींच्या पुढे गेला आहे का? आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे, किंवा वाढतंय का? त्यामुळे अभ्यास, घर, मैत्री यांपैकी कुठेतरी ठळक नुकसान झालेलं हवं आणि हे साधारण बारा महिने चाललेलं हवं. लक्षणं फार तीव्र असतील तर कालावधी कमीही धरतात.

आता दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. एक रविवारी चार तास खेळतो, पण रोज मैदानावर जातो, दहाला झोपतो, आईने हाक मारली की कुरकुरत का होईना उठतो. दुसरा रोज दोनच तास खेळतो, पण रात्री बारा ते दोन. आपण काळजी करायची ती दुसऱ्याची.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. 'मोबाईलचं व्यसन' असं वेगळं निदान या वर्गीकरणात नाही. मोबाईल ही एक वस्तू आहे, त्यात कोणी गेम खेळतो, कोणी रील्स बघतो, कोणी रात्रभर गप्पा मारतो, कोणी पैसे लावतो. म्हणून फाईलमध्ये नुसतं 'मोबाईलचा अतिवापर' लिहू नका. मोबाईलवर काय, ते लिहा.

एक उदाहरण घेऊ

आठवीतला एक मुलगा. त्याला आपण ओंकार म्हणू. (हे उदाहरण दोन-तीन मुलांवरून सरावासाठी बनवलेलं आहे.) वडील टेम्पो चालवतात, आई शिवणकाम करते, घरात आजी आहे. वर्गशिक्षकांची तक्रार अशी की तो पहिल्या दोन तासांना झोपतो. घरच्यांची तक्रार अशी की मोबाईल मागितला की अंगावर येतो.

पहिली भेट मुलाशी एकट्याशी घ्या, आणि सुरुवात गेमपासूनच करा. "कोणता गेम? रँक कुठपर्यंत आलीय? स्क्वॉडमध्ये कोण कोण असतं?" बहुतेक मुलांना हे कोणी विचारलेलंच नसतं. ओंकार दहा मिनिटं बोलला. त्याच्या चार जणांच्या गटात दोन मावसभाऊ आहेत, आणि गट तो चालवतो. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा तिकडे कॅप्टन आहे. ही माहिती जपून ठेवा, पुढे कामाला येते.

मग कालचा दिवस विचारा. 'साधारण किती खेळतोस' असं नको, त्याला उत्तर 'तासभर' असंच येतं. काल उठलास कधी, शाळेतून आल्यावर काय, जेवण कधी, झोप कधी, असं क्रमाने. ओंकारचा दिवस असा निघाला : साडेपाचला घरी, सहा ते साडेसात गेम, आठला जेवणावरून भांडण, अकरानंतर पांघरुणात पुन्हा गेम, झोप दीडच्या पुढे.

त्यानंतर त्याच्या परवानगीने, त्याच्यासोबत बसून फोनच्या सेटिंगमधलं Digital Wellbeing उघडा. तिथे कोणतं ॲप किती वेळ वापरलं ते दिसतं. पालक चोवीस तास म्हणत होते, मुलगा एक तास म्हणत होता, आणि फोन सांगत होता की रोज सरासरी पाच तास, त्यातले सव्वातीन तास गेम. हा आकडा निदानासाठी नाही. पुढे फरक पडला की नाही हे मोजायला सुरुवातीची एक खूण हवी, त्यासाठी आहे.

सर्वात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे 'हे कधीपासून?' कागदावर आडवी रेघ मारा आणि पाचवीपासूनच्या घटना मुलालाच मांडू द्या. ओंकार सहावीतही खेळायचा, पण अर्धा-एक तास. सातवीत दिवाळीच्या आधी मनगट मोडलं, कबड्डीचा संघ सुटला. त्याच सहामाहीत गणितात नापास झाला. त्यानंतर रेघेवर गेमच गेम आहे. म्हणजे गेमने कबड्डी घालवली नाही, कबड्डी गेल्यावर ती जागा गेमने घेतली. आता मात्र रात्रीच्या जागरणामुळे गणित आणखी मागे पडतंय. गाडी दोन्ही दिशांनी चालू आहे. फक्त मोबाईल काढून घेतला तर रिकामी जागा तशीच राहणार.

याच भेटीत बाकीचंही तपासायचं असतं. मूल सतत उदास आहे का, खेळापलीकडेही लक्ष टिकत नाही असं लहानपणापासून आहे का, कोणी छळतंय का, पैसे गेलेत का. गेमच्या मागे नैराश्य लपलेलं असेल तर नियम लावून ते जाणार नाही.

आणि एक प्रश्न टाळायचा नाही. ओंकार आईला म्हणाला होता, "मोबाईल घेतलास तर जीव देईन." असं वाक्य 'धमकी आहे' म्हणून सोडून देऊ नका, आणि घाबरून लगेच मोबाईलही परत देऊ नका. शांतपणे सरळ विचारा : "मरावंसं खरंच वाटतं का? राग नसतानाही विचार येतो का? कसं करायचं ते ठरवलंय का? आधी कधी प्रयत्न केला होता?" विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट त्याला बोलता येतं. ओंकारच्या बाबतीत ते रागातलं बोलणं निघालं. तरीही घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवायला सांगितली. विचार पक्का आहे असं दिसलं, तर त्याच दिवशी पालकांना बोलावून मुलाला डॉक्टरकडे पाठवायचं, तोवर एकटं सोडायचं नाही. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक पालकांना लिहून द्या.

घरात नक्की काय घडतं?

पालकांना 'मुलगा कसा वागतो' असं विचारू नका. 'काल आठ वाजता काय झालं, पहिल्यापासून सांगा' असं विचारा. ओंकारच्या घरी हे घडलं. आईने पाच वेळा हाक मारली. तो "पाच मिनिटं, पाच मिनिटं" म्हणत राहिला. वडील आले, फोन हिसकावला. त्याने ताट ढकललं, आरडाओरडा केला. वीस मिनिटांनी आजी म्हणाली, "द्या हो त्याला, उपाशी झोपेल पोर." फोन परत मिळाला.

यातून मुलगा काय शिकला? वीस मिनिटं ओरडलं की फोन मिळतो. तो वाईट नाही, घराने नकळत त्याला हा धडा दिला आहे. आणि कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ही सवय अधिकच चिवट होते.

दुसरी गोष्ट बऱ्याच पालकांना माहीतच नसते. चौघांनी मिळून खेळायचा ऑनलाईन सामना मध्ये थांबवता येत नाही. मध्येच उठलं तर बाकी तिघांचा गडी कमी होतो, आणि दुसऱ्या दिवशी मावसभावांच्या शिव्या खाव्या लागतात. म्हणून 'आत्ताच्या आत्ता बंद' या वाक्यावर भडका उडतो. ओंकारच्या गेमचा सामना वीस-पंचवीस मिनिटांचा होता. मग नियम घड्याळाच्या काट्यावर न बांधता सामन्यावर बांधला : ७ वाजून ३५ मिनिटांनंतर नवा सामना सुरू करायचा नाही, आणि जेवण आठला. जेवणावरचं निम्मं भांडण एवढ्यानेच कमी झालं.

पालकांसोबतचं काम

पहिली बैठक मुलाशिवाय घ्या, आणि आजीला बोलवायला विसरू नका. घरातल्या मोठ्यांचं आधी एकमत व्हायला हवं. एकाच वेळी दहा नियम लावू नका. ओंकारसाठी पहिला नियम एकच धरला, तो रात्रीचा, कारण झोप सुधारली की चिडचिड आणि वर्गातलं डुलकणं दोन्ही कमी होतं. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीतल्या फळीवर चार्जिंगला. सगळे म्हणजे वडिलांचाही. वडील म्हणाले, "मला मालकाचा फोन येतो रात्री." ठीक आहे, रिंग मोठी ठेवा, पण फोन फळीवरच. "मग गजर?" गजराचं साधं घड्याळ आणा. या अडचणी बैठकीतच सोडवल्या नाहीत तर तिसऱ्या दिवशी नियम मोडतो.

नियम मोडला तर काय, तेही दुसऱ्या बैठकीत मुलासमोर ठरवा. ओंकारच्या घरी ठरलं की दुसऱ्या दिवशीचा संध्याकाळचा खेळ बंद, फक्त एक दिवस. परवापासून पाटी कोरी. 'महिनाभर मोबाईल नाही' ही शिक्षा चालत नाही. मुलाकडे गमावण्यासारखं काही उरत नाही आणि तो मित्राच्या फोनवर खेळू लागतो.

पालकांना आधीच सांगून ठेवा की पहिला आठवडा आधीपेक्षा वाईट जाईल. जुनी युक्ती चालेना झाली की मूल ती आणखी जोरात वापरून बघतं. हे सांगितलं नाही तर पालक म्हणतात, "तुमच्या उपायाने वाढलंच," आणि सोडून देतात. ओंकारच्या घरी चौथ्या रात्री आजीने आपला फोन गुपचूप दिला. तिला दोष दिला नाही. तासभर नाही म्हणून शेवटी दिला, तर पुढच्या वेळी तो तासभर ओरडेल, एवढं समजावलं. आणि साडेदहाला फोन गोळा करायचं काम तिच्याकडेच सोपवलं. मग मात्र आजी वडिलांनाही सोडेना!

रिकामी जागा भरायची ती त्याच वेळेला. संध्याकाळी सहाला गेम असायचा, म्हणून कबड्डीही सहालाच. मनगट बरं झालं होतं, त्याला कोणी परत बोलावलंच नव्हतं. गणितात तो अपूर्णांकांपासून मागे होता. सहावीचं पुस्तक काढून शाळेतच रोज वीस मिनिटं सुरू केली.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. वर्गशिक्षक रोज एक खूण करत होते : पहिल्या आठवड्यात सहापैकी पाच दिवस झोप, सहाव्या आठवड्यात एक दिवस. फोनचा वापर रोज तीन तासांवर आला. गेम अजून दीड तास चालतो, गणित अजून कच्चं आहे, वडील अधूनमधून हिसकावतातच. गेम शून्यावर आणणं हे आपलं ध्येय नव्हतंच.

कधी आपल्या हातातलं नाही असं समजायचं? मूल आठवडेच्या आठवडे शाळेत येत नाही, दिवस-रात्र उलटी झाली आहे, घरात मारहाण होते, पैसे चोरले किंवा उधार घेतले आहेत, दोन आठवडे सलग उदास आहे, किंवा सहा-आठ आठवडे नीट प्रयत्न करूनही फरक नाही. अशा वेळी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे चिठ्ठी द्या. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत २०१४ पासून केवळ याच प्रश्नासाठी 'शट क्लिनिक' चालतं. चिठ्ठीत आपलं निदान लिहू नका. कालच्या दिवसाचा क्रम, फोनमधले आकडे, घटनांची रेघ आणि घरी काय करून पाहिलं, एवढं लिहा. डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो.

पुढच्या सत्राला येताना प्रत्येकाने आपल्या शाळेतल्या एका मुलाची अशी रेघ आणावी. मुलाचं नाव मात्र कागदावर नको.