सकाळचा गोषवारा आणि दिवसाचे माप

राज्य शासनाच्या कार्यालयांची वेळ २०२० पासून पावणेदहा ते सव्वासहा अशी आहे. भोजनाचा अर्धा तास वजा जाता आठ तास उरतात. एखाद्या लिपिकाने आठवडाभर नोंद ठेवली आणि टपाल, दूरध्वनी व अभ्यागत यांत रोज तीन तास जातात असे आढळले, तर टिप्पणीलेखनास पाचच तास राहतात. प्रकरणास पाऊण तास धरता सहा प्रकरणे होतात. गोषवाऱ्यात मात्र वीस मांडलेली असतात. मग सोपी आधी निघतात आणि अवघड तशीच राहतात. म्हणून पाचच घ्यावीत, सहाव्याची जागा तातडीच्या पत्रासाठी मोकळी ठेवावी व उर्वरितांस पुढील तारखा द्याव्यात. मुदतीच्या प्रकरणास अर्थात ही सवलत नाही. एखादे प्रकरण तीनदा पुढे ढकलले गेले, तर ते बहुधा एक काम नसते. माहिती मागविणे, ती तपासणे, टिप्पणी लिहिणे अशी त्याची फोड करावी.