एसी किती अंशांवर लावावा?

वाराणसीत मे महिन्यात दुपारचा पारा ४२ अंशांच्या वर जातो. बाहेरून आलेला माणूस घाईने एसी १८ वर लावतो. पण इन्व्हर्टर नसलेल्या साध्या एसीत आकडा खाली नेल्याने खोली लवकर थंड होत नाही. कॉम्प्रेसर तेवढ्याच जोराने, फक्त जास्त वेळ चालतो.

तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे मानतात. समजा, २२ अंशांवर रात्रभरात ७ युनिट लागतात. २७ वर ५ अंशांचे ३० टक्के, म्हणजे सुमारे २ युनिट वाचतील. पंख्याचे अर्धे युनिट वजा केले तरी महिन्याला ४५ युनिट उरतात.

लू वाहते तेव्हा हवा कोरडी असते. पंख्याखाली घाम लगेच सुकतो, म्हणून २७ अंश पुरतात. जुलैत हवा दमट होते आणि घाम सुकत नाही. एसी हवेतले पाणी काढतो, पण कॉम्प्रेसर चालू असेल तेव्हाच. म्हणून पावसाळ्यात २५ किंवा २६ ठेवावे.

झोपेत शरीराचे तापमान पहाटेपर्यंत उतरत जाते. त्यामुळे झोपताना बरा वाटलेला गारवा पहाटे बोचतो. स्लीप बटण दाबल्यास एसी स्वतःच एक-दोन अंश वर जातो.

पहाटे पांघरूण ओढावे लागले, तर दुसऱ्या रात्री एक अंश वाढवा. चादर ओलसर लागली, तर एक अंश कमी करा. तीन-चार रात्रींत आपल्या खोलीचा आकडा सापडतो.