रजिस्टर झालेले खरेदीखत मोडते का?

प्रश्न : माझी आत्या तलासरी तालुक्यात राहते. तिला लिहिता-वाचता येत नाही. घरी उठबस असलेल्या गावातल्याच एकाने ‘अनुदानाचा कागद करायचा आहे’ असे सांगून तिला नेले, फोटो काढला, अंगठे घेतले. आता तिच्या तीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव लागले आहे. सगळे म्हणतात, रजिस्टर झालेले खरेदीखत मोडत नाही. खरे आहे का?
– एक वाचक, डहाणू

उत्तर : खरे नाही, पण लोक असे का म्हणतात ते समजण्यासारखे आहे. दुय्यम निबंधकाचा शिक्का पाहिला की सरकारनेच व्यवहार तपासून पास केला असे वाटते. प्रत्यक्षात निबंधक पाहतो ते इतकेच, की समोर बसलेली व्यक्ती तीच आहे ना, आणि ‘हा दस्त मी करून दिला’ असे ती कबूल करते ना. तिला आत काय लिहिले आहे ते कळले का, पैसे खरेच मिळाले का, याची चौकशी तो करत नाही. नोंदणीमुळे दस्त खरा असल्याचे गृहीत धरले जाते, आणि हे गृहीत पुराव्याने खोडता येते.

मात्र ते खोडण्याची जागा निबंधकाचे कार्यालय नव्हे. एकदा नोंदलेले खरेदीखत रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही. तलाठ्यालाही नाही; त्याच्याकडचा फेरफार ही महसुलाची नोंद आहे, त्याने मालकी ठरत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पाहावी लागेल, जी तुम्ही लिहिलेली नाही. आत्या आदिवासी आहे का? वारली, कातकरी, मल्हार कोळी, कोकणा अशा अनुसूचित जमातीची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमे ३६ आणि ३६अ आधी लागतात. घेणारा आदिवासी असला तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. घेणारा बिगरआदिवासी असेल, तर त्या परवानगीला राज्य शासनाची पूर्वमान्यताही लागते. परवानगी नसेल तर अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. तिथे फसवणूक सिद्ध करत बसावे लागत नाही. परवानगी नव्हती एवढे पुरते. या प्रश्नात दिवाणी न्यायालयाला अधिकारच नाही, त्यामुळे घाईने दावा लावलात तर वेळ फुकट जाईल.

आत्या आदिवासी नसेल, किंवा परवानगी काढूनच व्यवहार झाला असेल आणि त्यात फसवणूक असेल, तर मात्र दिवाणी दावा. तो विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३१ खाली लागतो. आत्या स्वतः दस्त करून देणारी आहे, म्हणून तिने ‘हा दस्त मला बंधनकारक नाही’ एवढे मागून भागत नाही; तो रद्द करून मागावा लागतो. जमिनीचा ताबा गेला असेल तर ताबाही त्याच दाव्यात मागायचा. दावा मंजूर झाला की न्यायालय हुकूमनाम्याची प्रत निबंधकाकडे पाठवते आणि त्याच्या दप्तरातल्या दस्ताच्या प्रतीवर रद्द झाल्याची नोंद होते.

आता फसवणूक कोणत्या जातीची, हे पाहू. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली दोन प्रकार वेगळे केले. कागद कसला आहे याबद्दलच फसवले, म्हणजे अनुदानाचा सांगून विक्रीचा केला, तर तो दस्त मुळातच शून्य. पण विक्री करतो आहोत हे माहीत होते आणि दहा गुंठ्यांऐवजी तीस गुंठे घुसवले, तर तो रद्द होईपर्यंत चालू राहणारा दस्त. दबावाने किंवा नात्याच्या वजनाने घेतलेला दस्तही या दुसऱ्याच प्रकारात येतो. अशा दस्तावर मधल्या काळात एखाद्याने प्रामाणिकपणे, मोल देऊन जमीन घेतली, तर त्याच्याकडून ती परत मिळवणे अवघड होते.

तुमच्या पत्रावरून आत्याचे प्रकरण पहिल्या प्रकारातले दिसते. तरी मुदतीबाबत त्या भरवशावर राहू नका. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि ती फसवणूक कळल्यापासून मोजतात. ‘कधी कळले’ यावरच बहुतेक भांडण होते. प्रतिवादी फेरफाराची नोटीस पुढे करून म्हणेल, ‘तेव्हाच कळले होते.’ म्हणून कोणत्या दिवशी, कुठला कागद पाहून, कोणाकडून कळले, हे दाव्यात तारखेसह लिहावे लागते. ‘मी अडाणी, मला फसवले’ एवढ्या मोघम वाक्यावर दावा उभा राहत नाही.

शेजारच्या सुरतेतले एक प्रकरण यासाठी जाणून घ्यावे. तिथल्या जमिनीच्या विक्रीला निर्बंध होते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढून २००९ मध्ये खरेदीखत झाले. किंमत १ कोटी ७४ लाख २ हजार. विकणाऱ्यांचे म्हणणे, आम्ही निरक्षर, आम्हाला फक्त ४० हजार मिळाले, बाकीचे धनादेश बोगस होते. दावा लावला डिसेंबर २०१४ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो सुनावणीपूर्वीच फेटाळणे योग्य ठरवले. कारणे दोन. पैसे आले नाहीत हे पाच वर्षे कळले नाही, हे न पटणारे होते, त्यामुळे मुदत संपली. आणि किंमत बुडाली एवढ्यानेच झालेली विक्री रद्द होत नाही. त्यासाठी पैशांचा दावा करायचा असतो. निरक्षरपणा मुदतीपुढे ढाल होत नाही.

मग निरक्षरपणाचा उपयोग काय? तो पुराव्याच्या ओझ्यात होतो. एरवी फसवणूक म्हणणाऱ्यानेच ती सिद्ध करायची. पण देणारी वृद्ध, निरक्षर आणि घेणारा तिच्या विश्वासातला असे दिसले, की मजकूर तिला समजावून सांगितला होता हे दाखवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येऊ शकते. म्हणून खरेदीखताची प्रमाणित प्रत आधी काढा. साक्षीदार आणि ओळख पटवणारे कोणाची माणसे आहेत, ‘वाचून दाखवले’ असा शेरा आहे का, तो वाचून दाखवणारा कोण, लिहिलेली रक्कम आत्याच्या खात्यात आली का आणि लगेच कोणी काढली, हे त्यातून शोधता येते. किंमत फार कमी असणे स्वतंत्र कारण होत नाही. संमती खरी होती का, हे ठरवताना न्यायालय ते विचारात घेते.

दावा दाखल होताच जमीन पुढे विकू नये म्हणून मनाईहुकूम मागा आणि दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवून घ्या. खर्चाची धास्ती नको. महाराष्ट्रात मालमत्तेच्या दाव्यात महिलांना न्यायालयीन शुल्क माफ आहे, आणि महिला म्हणून वा अनुसूचित जमातीची म्हणून उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

शेवटचा गैरसमज पोलिसांचा. तक्रार जरूर करा. पण आरोपीला उद्या शिक्षा झाली तरी खरेदीखत आपोआप रद्द होत नाही, आणि फौजदारी खटला चालू आहे म्हणून दिवाणी मुदत थांबत नाही. ठाण्यात गेलात तरी दावा वेळेत लावावाच लागेल.