धाकट्या मावसभावाला मेसेज करताना

प्रश्न : मी ३२ वर्षांची आहे, मावसभाऊ १४ वर्षांचा. मी प्रेमाने मेसेज करते, पण उत्तर ‘हो ताई’ एवढंच येतं. माझं काय चुकतं?

उत्तर : तुम्ही पाठवलेला मेसेज पाहू : ‘काय रे पिल्लू, मॅच कशी झाली? हरलास तरी वाईट वाटून घेऊ नको हं! आणि अभ्यासाकडेही लक्ष दे.’ यात प्रश्न एकच आहे, पण त्याच्या उत्तराआधीच तुम्ही सांत्वन आणि उपदेश दोन्ही उरकलेत. ‘पिल्लू’ही आता त्याला लहान पडतं. अशा मेसेजला ‘हो ताई’पलीकडे उत्तर उरतच नाही.

तेच असं लिहा : ‘मॅच कशी झाली? या वेळी ओपनिंगला गेलास की खाली?’ हा तपशील फक्त त्यालाच माहीत आहे, त्यामुळे सांगणारा तो होतो. ‘शून्यावर आउट’ म्हणाला, तर ‘अरेरे! बोल्ड की कॅच?’ एवढंच विचारा. सल्ला त्याने मागितला तरच द्या. मधूनमधून स्वतःच्या ऑफिसातली गंमतही सांगा. नुसतीच चौकशी झाली की ती हजेरी वाटते.

त्याच्या वयाची बोली मात्र उसनी आणू नका, ती लगेच ओळखू येते. पाठवण्यापूर्वी प्रत्येक वाक्य तपासा : हेच मैत्रिणीला लिहिलं असतं का? नसेल, तर खोडा. सुरुवातीला उत्तरं त्रोटकच येतील. तो स्वतःहून तुम्हाला काही विचारू लागला, की सूर जुळला असं समजा.